बंद पेटी आणि पीळ

महामार्गावरचे मोठे दिशादर्शक फलक अनेक ठिकाणी एकाच खांबावर तोललेले असतात. खांब रस्त्याच्या कडेला उभा, त्याच्या माथ्यावरून एक आडवा हात रस्त्यावर आलेला आणि त्या हाताला फलक. समोरून वारा आला की खांब मागे वाकणार, हे कोणालाही कळते. पण फलक खांबाच्या रेषेत नसून काही मीटर बाजूला असतो, त्यामुळे वारा खांबाला नुसता वाकवत नाही, तर स्वतःभोवती फिरवूही पाहतो. बुड काँक्रीटच्या पायात पक्के जखडलेले आणि माथा फिरू पाहणारा, अशा स्थितीत मधला सगळा खांब पिळला जातो. असे खांब बहुधा पोकळ असतात. पातळ पत्रे जोडून केलेली ती उभी, लांबट, बंद पेटीच असते. आतून रिकामी असलेली ही पेटी पीळ कसा सोसते, तिच्या भिंतींत किती ताण येतो आणि दर मीटरला ती किती अंशांनी पिळते, या प्रश्नांची उत्तरे दोन लहान सूत्रांत मावतात.

पिळताना भिंतीत काय घडते ते आधी पाहू. सरळ उभ्या पेटीच्या एका भिंतीवर खडूने चौकोन काढला आणि पेटी पिळली, तर तो चौकोन एका बाजूला कलंडतो. त्याच्या बाजू लांब होत नाहीत, आखूडही होत नाहीत. फक्त काटकोन मोडतो. धातूचे शेजारचे थर एकमेकांवरून सरकू पाहत आहेत, एवढाच याचा अर्थ. या सरकण्याला धातू जो विरोध करतो तो कर्तन ताण, इंजिनिअरांच्या बोलीत ‘शिअर’. भिंत पातळ असेल तर बाहेरच्या पृष्ठभागापासून आतल्या पृष्ठभागापर्यंत हा ताण जवळपास सारखाच राहतो. या विषयातले सगळे सोपेपण या एका गृहीतकातून येते.

आता भिंतीच्या जाड्या वेगवेगळ्या असतील तर? समजा पेटीच्या दोन भिंती पातळ पत्र्याच्या आणि दोन जाड पत्र्याच्या आहेत. कोपऱ्याजवळचा एक उभा तुकडा मनातल्या मनात कापून वेगळा काढू. त्याची एक उभी कड पातळ भिंतीत आहे आणि दुसरी जाड भिंतीत. कर्तन ताणाचा स्वभाव असा की तो आडव्या छेदावर जेवढा असतो, तेवढाच त्याला काटकोनात असलेल्या उभ्या छेदावरही असावाच लागतो. नाहीतर तो इवलासा तुकडा जागच्या जागी गरगर फिरू लागेल. म्हणून आपल्या तुकड्याच्या दोन्ही उभ्या कडांवर बले येतात, एकीवर वर जाणारे आणि दुसरीवर खाली जाणारे. तुकडा जागेवर स्थिर आहे, तेव्हा ही दोन बले सारखी असली पाहिजेत. बल म्हणजे ताण गुणिले जाडी गुणिले लांबी, आणि लांबी दोन्हीकडे एकच. म्हणजे पातळ भिंतीतला ताण गुणिले तिची जाडी हा गुणाकार जाड भिंतीतल्या तशाच गुणाकाराएवढा भरतो. कोपरा कुठलाही घ्या, निष्कर्ष बदलत नाही. पूर्ण फेरीभर हा गुणाकार एकच राहतो.

त्याला कर्तन प्रवाह म्हणतात, आणि q या अक्षराने दाखवतात. नाव अगदी नेमके पडले आहे. बंद गोल फिरणाऱ्या पाटातून दर क्षणी सगळीकडून सारखेच पाणी जाते. पाट जिथे अरुंद, तिथे पाण्याला वेग जास्त. पेटीतही फेरीभर प्रवाह सारखा आणि भिंत जिथे पातळ, तिथे ताण जास्त.

हा प्रवाह पीळ कसा पेलतो ते भूमितीने कळते. पेटीच्या पोकळीत कुठेही एक बिंदू घ्या. भिंतीचा लहानसा भाग आपल्या लांबीइतके बल त्या बिंदूभोवती फिरवत असतो आणि त्या बलाची भुजा म्हणजे बिंदूपासून भिंतीच्या रेषेपर्यंतचे लंब अंतर. लांबी गुणिले लंब अंतर म्हणजे बिंदू आणि भिंतीचा तो भाग यांनी होणाऱ्या त्रिकोणाच्या क्षेत्रफळाची दुप्पट. सगळ्या भिंतींवरून फेरी मारून असे त्रिकोण जोडत गेले की पेटीची सगळी पोकळी भरून निघते. म्हणून एकूण पीळ, ज्याला T म्हणू, हा प्रवाह गुणिले वेढलेल्या क्षेत्रफळाची दुप्पट इतका होतो. क्षेत्रफळाला A आणि भिंतीच्या जाडीला t म्हटले, तर

q = T / (2A)

आणि त्या भिंतीतला कर्तन ताण

τ = T / (2At)

इथे A म्हणजे पत्र्याच्या जाडीच्या मधोमध काढलेल्या रेषेने वेढलेले क्षेत्रफळ. त्यात लोखंड जवळजवळ नाहीच. ते बहुतेक हवेचे क्षेत्रफळ आहे. पीळ सोसण्याची पेटीची ताकद तिने किती हवा वेढली आहे यावर ठरते, हे पहिल्यांदा ऐकताना विचित्र वाटते खरे.

ही मांडणी जर्मन अभियंता रुडोल्फ ब्रेट याने १८९६ साली जर्मन अभियंता संघाच्या नियतकालिकात प्रसिद्ध केली. रूर नदीकाठच्या वेटर या गावी क्रेन बनवणारा कारखाना तो चालवत असे. फ्रान्समध्ये सेंट व्हेनाँ याने त्याआधी चाळीस वर्षे पिळाचे काटेकोर गणित मांडून ठेवले होते. पण ते इतके अवघड की आराखडे काढणाऱ्या माणसाला त्याचा रोजच्या कामात फारसा उपयोग नव्हता. ब्रेटने पातळ भिंतीचे गृहीतक धरले आणि तेच गणित चार ओळींत आणून ठेवले.

फलकाच्या खांबाचेच उदाहरण आकड्यांत घेऊ. फलक ४ मीटर रुंद आणि अडीच मीटर उंच, म्हणजे १० चौरस मीटर. जोरदार वाऱ्याचा दाब दर चौरस मीटरला १.५ किलोन्यूटन धरला, तर फलकावर १५ किलोन्यूटन बल येते, साधारण दीड टन वजनाइतके. फलकाचा मध्य खांबापासून ४ मीटर बाजूला आहे असे मानू. तेव्हा खांबावरचा पीळ १५ गुणिले ४, म्हणजे ६० किलोन्यूटन मीटर. हाताच्या खाली खांबाची उंची ७ मीटर. खांब आयताकृती पेटीचा आहे. मध्यरेषेने मोजले तर तो ४०० मिलिमीटर लांब आणि ३०० मिलिमीटर रुंद. ४०० च्या दोन भिंती ८ मिलिमीटर जाड आणि ३०० च्या दोन १२ मिलिमीटर.

वेढलेले क्षेत्रफळ ४०० गुणिले ३००, म्हणजे १,२०,००० चौरस मिलिमीटर. पिळाला त्याच्या दुपटीने भागले की प्रवाह मिळतो: दर मिलिमीटरला २५० न्यूटन. मग ८ मिलिमीटरच्या भिंतीत ताण २५० भागिले ८, म्हणजे दर चौरस मिलिमीटरला ३१ न्यूटनांहून थोडा जास्त, आणि १२ च्या भिंतीत जवळपास २१. साधे बांधकामाचे पोलाद कर्तनात साधारण १४४ न्यूटनांना कायमचे वाकू लागते. म्हणजे निव्वळ पिळापुरता हा खांब निर्धास्त आहे. अर्थात प्रत्यक्षात वाऱ्याने वाकण्याचा ताण त्याच्या जोडीला येतो आणि दोन्ही एकत्र तपासावे लागतात.

उत्तर बरोबर आहे का, हे पडताळायची एक साधी युक्ती आहे. ४०० च्या प्रत्येक भिंतीत एकूण बल २५० गुणिले ४००, म्हणजे १०० किलोन्यूटन. समोरासमोरच्या या दोन भिंतींतली बले उलट दिशांना आहेत आणि त्यांच्यात ३०० मिलिमीटर अंतर आहे, म्हणून त्यांची जोडी ३० किलोन्यूटन मीटर पीळ पेलते. ३०० च्या भिंतींत बल ७५ किलोन्यूटन, त्यांच्यातले अंतर ४०० मिलिमीटर. त्यांचाही पीळ ३०. बेरीज ६०. आयताकृती पेटीत लांब भिंती आणि आखूड भिंती पीळ नेहमी निम्मा-निम्मा वाटून घेतात, मग त्यांच्या जाड्या काहीही असोत. सूत्र विसरले तरी एवढ्या आधारावर ते पुन्हा उभे करता येते.

आता खांब किती पिळतो ते पाहू. इथे धातूचा लवचीकपणा हिशेबात येतो. ताणामुळे भिंतीच्या प्रत्येक तुकड्यात ऊर्जा साठते. पीळ लावणाऱ्या बलाने खांब फिरवताना केलेले कामच त्या ऊर्जेच्या रूपात साठलेले असते. दोन्ही बाजू सारख्या मांडल्या की दर एकक लांबीला होणारा पिळाचा कोन θ असा मिळतो:

θ = T·S / (4A²G)

यातला S म्हणजे प्रत्येक भिंतीची लांबी भागिले तिची जाडी, आणि चारही भागाकारांची बेरीज. G हा पदार्थाचा दृढता गुणांक; पोलादासाठी तो दर चौरस मिलिमीटरला सुमारे ८०,००० न्यूटन असतो. आपल्या खांबात ४०० भागिले ८ म्हणजे ५०, असे दोनदा. ३०० भागिले १२ म्हणजे २५, असे दोनदा. S झाला १५०. बाकीचे आकडे घातले की दर मीटरला ०.००१९५ रेडियन, म्हणजे ०.११ अंश. ७ मीटरच्या खांबाच्या माथ्याशी पाऊण अंशाहून किंचित जास्त. ऐकायला क्षुल्लक, पण फलकाची बाहेरची कड खांबापासून ६ मीटरवर आहे. तिथे एवढा कोन म्हणजे ८२ मिलिमीटर, जवळपास चार बोटे. खालून पाहणाऱ्याला फलक हललेला दिसतो. फलकाच्या खांबांची मापे पुष्कळदा ताकदीपेक्षा या हलण्यावरच ठरतात.

दोन सूत्रे शेजारी ठेवली की काही गोष्टी उलगडतात. ताणाच्या सूत्रात G नाही. हाच खांब ॲल्युमिनियमचा केला तरी ताण तेवढाच येईल, पण ॲल्युमिनियमचा G पोलादाच्या साधारण तिसरा हिस्सा असल्याने पीळ तिप्पट होईल. उलट, महागडे उच्च ताकदीचे पोलाद वापरले तर खांब जास्त ताण सोसेल, पिळणे मात्र तसूभरही कमी होणार नाही, कारण साध्या आणि भारी पोलादाचा G सारखाच. फलक फार हलतो म्हणून कोणी पोलादाची प्रत वाढवायला सांगत असेल, तर तो पैसा वाया गेला म्हणायचा. वाढवायचे ते क्षेत्रफळ. पिळाच्या कोनात A चा वर्ग आहे. १४०० मिलिमीटर परिघाचा आणि एकाच जाडीचा पत्रा घेऊन ३५० च्या चौरसाची पेटी केली किंवा ६०० बाय १०० ची चपटी पेटी केली, तरी दोहोंत लोखंड सारखेच जाते. पण चपट्या पेटीने निम्म्याहून कमी क्षेत्रफळ वेढलेले असते. तिच्यात ताण दुप्पट येतो आणि पीळ चौपटीहून जास्त.

पेटी बंद असण्याला एवढे महत्त्व का, हे ती उघडल्यावर कळते. याचा प्रयोग घरी होतो. पुठ्ठ्याची लांबट गोल नळी दोन्ही हातांनी पिळून पाहावी. ती दाद देत नाही. मग धारदार पात्याने तिला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकच उभी चीर द्यावी. पुठ्ठा गुंजभरही कमी झालेला नसतो, पण आता नळी दोन बोटांनी पिळते आणि चिरेच्या दोन कडा एकमेकींवरून सरकताना स्पष्ट दिसतात. चिरेची कड मोकळी असते, तिच्यावर बल येऊच शकत नाही. प्रवाह तिथे शून्य, आणि तो फेरीभर सारखाच असावा लागतो म्हणून सगळीकडे शून्य. मग पीळ पेलायला उरते काय? पत्र्याच्या जाडीतच बाहेरच्या अंगाला एका दिशेने आणि आतल्या अंगाला उलट दिशेने ताण. या दोहोंमधली भुजा ४०० किंवा ३०० मिलिमीटरची नाही, काही मिलिमीटरचीच.

आपल्या खांबाच्या एका कोपऱ्याचे वेल्डिंग वरपासून खालपर्यंत निखळले असे धरू. उघड्या छेदाच्या सूत्रात प्रत्येक भिंतीची लांबी गुणिले जाडीचा घन, या सगळ्यांच्या बेरजेचा तिसरा हिस्सा येतो. हिशेब केला तर पिळाविरुद्धचा कडकपणा सुमारे आठशेव्या हिश्शावर येतो. कागदावर ताण दर चौरस मिलिमीटरला १४९० न्यूटनांच्या घरात जातो. १४४ ला हार मानणाऱ्या पोलादाला हा आकडा प्रत्यक्षात कधी दिसणारच नाही. ६० किलोन्यूटन मीटर सहज पेलणारा खांब सहाच्या आतच कायमचा पिळटून जाईल.

या हिशेबात एक गंमतीची उलटापालट दडलेली आहे. बंद पेटीत सर्वांत जास्त ताण सर्वांत पातळ भिंतीत असतो, उघड्या छेदात मात्र सर्वांत जाड भिंतीत. बंद पेटीवर काम करायची सवय झालेला माणूस उघड्या छेदाची पातळ बाजू तपासून समाधान मानतो आणि तिथेच फसतो.

उघडेपणा सगळीकडे वाईटच असतो असे मात्र नाही. ट्रकच्या सांगाड्याचे दोन लांब दांडे बहुधा उघड्या, इंग्रजी सी अक्षराच्या आकाराच्या छेदाचे असतात. खडबडीत रस्त्यावर एक चाक उचलले गेले की सांगाडा थोडा पिळतो आणि चारही चाके जमिनीला टेकलेली राहायला मदत होते.

वरचा आठशेचा आकडा संपूर्ण लांबीच्या चिरेचा आहे. चीर आखूड असेल तर तिच्या वर आणि खाली बंद राहिलेली पेटी कडांना मोकळेपणाने सरकू देत नाही, त्यामुळे नुकसान बरेच कमी होते. खांबाच्या बुडाशी विजेच्या तारांसाठी ठेवलेली लहान खिडकी हा असाच प्रकार. ती चालते, पण प्रवाहाला तिथून वळसा घालून जावे लागते आणि खिडकीच्या कोपऱ्यांत ताण दाटतो. म्हणून खिडकीचे कोपरे गोल ठेवतात आणि भोवती जाड पट्टीची चौकट वेल्ड करतात. अशा खांबाची पाहणी करताना नजर पहिल्यांदा या कोपऱ्यांकडे गेली पाहिजे. रंगाला गेलेली केसासारखी रेष आणि तिच्यातून पाझरलेला गंजाचा ओघळ दिसला, तर आत भेग असण्याची शक्यता धरून चालावे.

उभ्या कोपऱ्यांच्या वेल्डिंगचा हिशेबही याच प्रवाहातून निघतो, हा ब्रेटच्या मांडणीचा कारखान्यात होणारा सर्वांत थेट उपयोग. दर मिलिमीटरला २५० न्यूटन म्हणजे वेल्डच्या प्रत्येक मीटरमधून सुमारे २५ टन बल एका पत्र्यातून दुसऱ्यात जाते. ६ मिलिमीटरच्या फिलेट वेल्डची खरी कामाची जाडी जेमतेम ४.२ मिलिमीटर. तिथे ताण ६० न्यूटनांच्या आसपास येतो. तेवढा चालून जातो. पण वेल्डिंगचा खर्च वाचवायला फॅब्रिकेटरने मध्ये मध्ये जागा सोडून निम्म्याच लांबीवर वेल्ड केले, तर उरलेल्या वेल्डमध्ये ताण दुप्पट होतो, आणि प्रत्येक तुकड्याच्या दोन टोकांना त्याहूनही वाढतो. शिवाय सोडलेल्या फटींतून पाणी आत शिरते, आणि पेटी आतून गंजली तर बाहेरून कोणाला काही दिसत नाही.

सूत्र वापरताना होणाऱ्या चुका बहुतेक A च्याच असतात. बाहेरची मापे घेतली तर आपल्या खांबाचा A ३०८ गुणिले ४१२ होतो आणि ताण पाचएक टक्क्यांनी कमी दिसतो. चूक छोटी आहे, पण धोक्याच्या बाजूची. त्याहून मोठी चूक म्हणजे A च्या जागी लोखंडाचे क्षेत्रफळ घालणे. ते इथे फक्त १३,६०० चौरस मिलिमीटर आहे, त्यामुळे उत्तर जवळपास नऊपट येते. ३१ च्या जागी २७५ दिसले तर आपण पोकळी सोडून पत्रा मोजला, हे लगेच ओळखावे.

पातळ भिंत म्हणजे किती पातळ? गोल नळीचे काटेकोर गणित माहीत असल्याने तिच्यावर हे तपासता येते. जाडी त्रिज्येच्या एक दशांश असेल, तर कडकपणाच्या हिशेबात ब्रेटची चूक पाव टक्का. ताणाच्या हिशेबात मात्र बाहेरच्या पृष्ठभागावर खरा ताण सूत्रापेक्षा जवळपास पाच टक्के जास्त असतो, कारण सूत्र जाडीतला सरासरी ताण देते. म्हणजे भिंत जाड होत गेली तरी कोनाचे उत्तर बराच काळ विश्वासाचे राहते, ताणाचे आधी ढळते. आयताकृती पेटीच्या आतल्या तीक्ष्ण कोपऱ्यांतही ताण दाटतो. एकदोनदा येणाऱ्या भाराला पोलाद ते निभावून नेते. वाऱ्याने हजारो वेळा उलटसुलट पिळ पडणाऱ्या खांबात मात्र भेगा तिथूनच सुरू होतात.

आणखी एक गोष्ट सूत्र गृहीत धरते: पिळताना पेटीच्या छेदाचा आकार बदलत नाही. प्रत्यक्षात आडवा हात खांबाच्या एकाच भिंतीला जोडलेला असेल, तर पीळ त्या भिंतीतूनच आत शिरतो आणि आयताचा समांतरभुज चौकोन करू पाहतो. तसे झाले तर प्रवाह फेरीभर पसरतच नाही आणि सूत्राने दिलेला ३१ चा आकडा निरर्थक ठरतो. यावर उपाय म्हणून हाताच्या पातळीवर पेटीच्या आत आडवा पत्रा घालतात, त्याला डायफ्रॅम म्हणतात. उड्डाणपुलांच्या आणि मेट्रोच्या पोकळ काँक्रीट तुळयांतही खांबांवरच्या टेकूपाशी असेच जाड आडवे पडदे असतात. छेद स्वतःच्या पातळीतून थोडा वर-खालीही होतो, पण बंद पेटीत हे सरकणे फार बारीक असते. आपल्या खांबात एका कोपऱ्यापासून शेजारच्या कोपऱ्यापर्यंत ते मिलिमीटरच्या पंचविसाव्या हिश्शाएवढे भरते. भिंतींची लांबी-जाडीची गुणोत्तरे सारखी असती तर तेवढेही झाले नसते.

शेवटची मर्यादा पत्रा सुरकुतण्याची. कर्तन ताण म्हणजे भिंतीच्या एका कर्णावर ओढ आणि दुसऱ्या कर्णावर दाब. पत्रा फार पातळ असेल तर दाबाच्या कर्णावर तो फुगतो आणि भिंतीवर तिरप्या लाटा उठतात. ४०० रुंद आणि ८ जाड पत्र्याला फुगण्यासाठी दर चौरस मिलिमीटरला ३८० न्यूटनांहून अधिक ताण लागेल. त्याच्या कितीतरी आधी पोलादच हार मानेल, म्हणून इथे काळजी नाही. पण वजन वाचवायला त्या दोन भिंती ३ मिलिमीटरच्या केल्या तर? ताण येईल २५० भागिले ३, म्हणजे ८३. पोलादाच्या १४४ च्या मर्यादेत तो आरामात बसतो. मात्र ३ मिलिमीटरचा पत्रा सुमारे ५४ लाच सुरकुततो. नुसता ताण पाहणाऱ्याला हा खांब मजबूत वाटेल आणि पहिल्याच मोठ्या वादळात त्याच्या भिंतींवर तिरप्या वळ्या पडलेल्या दिसतील.

अशा वेळी काही जण पेटीच्या मधोमध एक उभा पत्रा घालून तिचे दोन सारखे कप्पे करायला सुचवतात. तीन उभ्या भिंती दोनपेक्षा जास्त पीळ घेतील अशी त्यांची अपेक्षा असते. ती अपेक्षा खोटी ठरते. दोन्ही कप्प्यांत प्रवाह सारखाच आणि एकाच दिशेने फिरणारा असतो. मधल्या पत्र्यात डाव्या कप्प्याचा प्रवाह वर जातो, तर उजव्याचा खाली येतो आणि दोन्ही एकमेकांना पुसून टाकतात. वेढलेले क्षेत्रफळ पूर्वीइतकेच, बाहेरच्या भिंतींतला ताण पूर्वीइतकाच आणि मधल्या पत्र्यात शून्य. कप्पे लहान-मोठे असतील तर मधल्या पत्र्यात थोडा प्रवाह राहतो. तो काढताना दोन्ही कप्पे एकाच कोनाने पिळतात ही अट घालून दोन समीकरणे सोडवावी लागतात.

तरीही ३ मिलिमीटरच्या त्या खांबाला मधला पत्रा उपयोगी पडतो, कारण ४०० च्या भिंतीचे आता २०० चे दोन भाग होतात. सुरकुतायला लागणारा ताण रुंदीच्या वर्गाच्या उलट प्रमाणात बदलतो, म्हणून ५४ चा आकडा चौपट होऊन २१७ च्या आसपास जातो आणि ८३ च्या ताणाला भिंती सपाट राहतात. फलकाचे हलणे मात्र या पत्र्याने थांबत नाही. पातळ भिंतींमुळे S १५० वरून ३१७ वर गेलेला असतो आणि फलकाची बाहेरची कड त्याच वाऱ्यात ८२ च्या जागी सुमारे १७३ मिलिमीटर सरकते.